चार उत्तरं छापा, पाचव्यापुढे तारीख लिहा

प्रश्न: सर, ऑगस्टमध्ये आमच्या शाळेत आकाशदर्शनाचा आठवडा आहे. त्यासाठी उत्तर मुकुट तारकासमूहातल्या टी कोरोनी बोरिॲलिस या ताऱ्यावर भित्तिपत्रक करतोय. पाच प्रश्न आहेत. हा तारा दर ऐंशी वर्षांनीच का भडकतो? भडकल्यावर तो नष्ट होतो का? आमच्या साताऱ्याकडून तो कुठे शोधायचा? भडकला तर किती तेजस्वी आणि किती दिवस दिसेल? आणि शेवटचं, परवा ग्रुपवर आलंय की तो भडकला, हे खरं आहे का? पत्रक शुक्रवारी छापायला द्यायचंय.

उत्तर:

पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं खाली देतोय, ती निश्चिंत छापा. पाचव्याचं उत्तर मला माहीत नाही.

माहीत का नाही तेही सांगतो, कारण त्यावरच पत्रकात काय लिहायचं ते ठरेल. हा तारा मी शेवटचा पाहिला तो मे २०२५ च्या मध्यात, सहा इंची दुर्बिणीतून. तेव्हा तो नेहमीसारखाच दहाव्या प्रतीच्या आसपास, मंद होता. यंदा पाऊस मे संपायच्या आतच आला. त्यानंतर मला आकाश मिळालेलं नाही. आता जुलै चालू आहे आणि मी कोकणात गावी आहे. इथे मेसेज कसेबसे येतात-जातात, पण निरीक्षणांचे आलेख उघडत नाहीत. म्हणजे मेच्या मध्यापासून आजपर्यंत त्या ताऱ्याचं काय झालं याबद्दल माझ्याकडे स्वतःचं निरीक्षणही नाही आणि दुसऱ्या कुणाचं वाचलेलंही नाही. परवाच्या रात्रीबद्दल मी ‘हो’ म्हटलं काय आणि ‘नाही’ म्हटलं काय, दोन्हीला आधार नाही.

तुमचे चार प्रश्न ताऱ्याच्या स्वभावाचे आहेत. त्यांची उत्तरं गेल्या वर्षी जी होती तीच पुढच्या वर्षी असतील. पाचवा प्रश्न या आठवड्याच्या बातमीचा आहे. पाचही प्रश्न एकाखाली एक आले आणि उत्तर एकाच माणसाने दिलं की वाचणारा सगळ्यांवर सारखाच भरवसा ठेवतो. चार उत्तरांचा भक्कमपणा पाचव्याला आयता मिळतो. मी नुसतं ‘बहुतेक नसावा’ म्हटलं तरी पत्रकावर येईपर्यंत त्यातलं ‘बहुतेक’ गळून पडेल आणि खाली माझं नाव राहील. म्हणून तो एक प्रश्न मी मुद्दाम वेगळा काढून ठेवतोय. त्याच्याकडे शेवटी सविस्तर येऊ.

आता हा तारा भडकतो म्हणजे काय होतं ते बघू. टी हा एकटा तारा नाही, जोडी आहे. एक तांबडा, फुगलेला राक्षसी तारा आणि दुसरा श्वेत बटू, म्हणजे आकाराने पृथ्वीहूनही लहान पण वस्तुमानाने आपल्या सूर्याहून जड. दोघं एकमेकांभोवती सुमारे २२७ दिवसांत एक फेरी पूर्ण करतात. इतक्या जवळ असल्यामुळे तांबड्या ताऱ्याचा बाहेरचा हायड्रोजन वायू बटूकडे ओढला जातो आणि त्याच्या पृष्ठभागावर थर साचत जातो. बटूचं गुरुत्वाकर्षण प्रचंड असल्यामुळे थराचा तळ दाबला जातो आणि तापत जातो. एका मर्यादेपलीकडे तिथे हायड्रोजनचं ज्वलन सुरू होतं, म्हणजे सूर्याच्या गाभ्यात चालते त्या जातीची अणुप्रक्रिया, पण बेलगाम. साधा वायू तापला की फुगतो, फुगला की निवतो, आणि ज्वलनाला आपोआप लगाम बसतो. बटूवरचा दाबलेला वायू सुरुवातीला तसा फुगत नाही. त्यामुळे उष्णतेने ज्वलन वाढतं, ज्वलनाने उष्णता वाढते, आणि शेवटी सगळा थर अवकाशात फेकला जातो.

मुलांना सांगायचं तर दूध उतू जाण्यासारखं आहे: वरचं बाहेर जातं, पातेलं शाबूत राहतं. इथेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं. बटू नष्ट होत नाही, तांबडा ताराही होत नाही. थर उडाला की पुन्हा वायू साचायला सुरुवात होते. पत्रकावर ‘ताऱ्याचा मृत्यू’ किंवा ‘तारा फुटणार’ असं काही लिहू नका. तारा नष्ट होतो तो अतिनवताऱ्यात. हा नवतारा आहे, आणि तोही पुन्हा पुन्हा भडकणारा.

आता ऐंशी वर्षांचं. सगळेच नवतारे असे फिरून फिरून भडकतात, पण बहुतेकांची फेरी हजारो वर्षांची असते, म्हणून आपल्याला ते एकदाच भडकलेले दिसतात. टीमधला बटू श्वेत बटूच्या कमाल वस्तुमानाच्या, म्हणजे सूर्याच्या सुमारे १.४ पटीच्या, अगदी जवळ आहे. बटू जितका जड तितका थर पातळ असतानाच पेट घेतो. शिवाय तांबड्या शेजाऱ्याकडून वायूही भरपूर येतो. या दोन्ही गोष्टी जुळल्यामुळे त्याची फेरी माणसाच्या एका आयुष्यात बसते. आपल्या आकाशगंगेत असे वारंवार भडकणारे जेमतेम दहाएक नवतारे माहीत आहेत.

मात्र ‘दर ऐंशी वर्षांनी’ हे घड्याळ समजू नका. नीट नोंदलेले भडके दोनच आहेत: १२ मे १८६६ आणि ९ फेब्रुवारी १९४६. त्यांच्यात पावणेऐंशी वर्षांचं अंतर आहे. त्यापूर्वी १७८७ मध्ये आणि १२१७ मध्येही तो दिसला असावा असं जुन्या नोंदींवरून काही अभ्यासक म्हणतात आणि ते अंतरांशी जुळतंही. पण दोन पक्क्या नोंदींवरून पुढची तारीख ठरवता येत नाही, पुढचं दशक कळतं इतकंच. पत्रकावर ‘सुमारे ऐंशी वर्षांनी’ लिहा आणि ‘सुमारे’ हा शब्द गाळू नका.

तिसरा प्रश्न, शोधायचा कुठे. साताऱ्याच्या अक्षांशावरून उत्तर मुकुट जवळजवळ डोक्यावरून जातो, हे आपलं भाग्य. ऑगस्टच्या मध्यात रात्री आठ वाजता तो डोक्यावरून किंचित पश्चिमेकडे कललेला असेल. पश्चिमेला उंचावर नारिंगी झाक असलेला ठळक तारा म्हणजे स्वाती. ईशान्येला वर निळसर पांढरा अभिजित. स्वातीपासून अभिजितपर्यंत मनाने रेघ ओढा आणि स्वातीकडून एक तृतीयांश अंतरावर थांबा. तिथे सात ताऱ्यांची अर्धवट वाटोळी रांग दिसेल, तोच मुकुट. त्यातला सगळ्यात ठळक तारा अल्फेका, दृश्यप्रत २.२. बाकीचे चौथ्या प्रतीच्या आसपासचे. कमानीच्या पूर्वेकडच्या टोकाला, शेवटून दुसरा, ४.१ प्रतीचा एप्सिलॉन आहे. टी त्याच्यापासून साधारण एक अंश दक्षिणेला, जरासा पूर्वेकडे. हात पूर्ण लांब करून करंगळी धरली तर तिची रुंदी जवळपास एक अंश भरते, मुलांना हे माप द्या. कमानीच्या जरा बाहेर, एप्सिलॉनच्या शेजारी करंगळीच्या अंतरावर जी रिकामी जागा दिसते, तिथे तो आहे. एरवी साध्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नाही आणि दिसायलाही नको.

अडचण पावसाची आहे. मुकुट संध्याकाळी सर्वांत सोयीचा असतो तो जून ते ऑगस्टमध्ये, आणि नेमके तेव्हा आपल्याकडे ढग. ऑक्टोबरच्या मध्यात संध्याकाळी सातला तो पश्चिमेला बऱ्यापैकी उंच असतो, तेव्हा आकाशही धुतलेलं मिळतं. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात तो सूर्याच्या इतका जवळ येतो की संध्याकाळी आणि पहाटे दोन्ही वेळा क्षितिजालगत तासाभराचाच खेळ उरतो. मग जानेवारीपासून पहाटेच्या आकाशात तो नीट वर येतो.

चौथा प्रश्न. तो दहाव्या प्रतीवरून दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीपर्यंत चढतो. प्रतीचा आकडा कमी तितका तारा तेजस्वी, हे पत्रकावर एका ओळीत सांगा, नाहीतर मुलांना उलट वाटेल. दहावरून दोनवर येणं म्हणजे सुमारे दीड हजार पट उजळणं. तो जवळपास अल्फेकाएवढा किंवा त्याहून जरा मंद दिसेल. ‘आकाश उजळून टाकणारा’ वगैरे शब्द वापरू नका. मुकुट ओळखीचा नसेल त्याला काही वेगळं घडलंय हे कळणारही नाही. ज्याला ओळखीचा आहे त्याला मात्र सातांचा मुकुट बिघडलेला पाहून धक्का बसेल.

चढण फार वेगाने होते. १८६६ मध्ये आयर्लंडमधल्या ट्यूमच्या जॉन बर्मिंगहॅम यांनी मध्यरात्रीच्या सुमारास तो दुसऱ्या प्रतीचा पाहिला. त्याच रात्री काही तास आधी अथेन्सहून त्याच भागात पाहणाऱ्या युलियस श्मिट यांना तिथे डोळ्यांना दिसेल असं काही आढळलं नव्हतं. उतरणही झपाट्याची असते. साधारण आठवड्याभरात तो साध्या डोळ्यांच्या पलीकडे जातो, छोट्या दुर्बिणीतून आणखी काही दिवस मिळतो. मग काही महिन्यांनी पुन्हा थोडा उजळतो, पण तेवढा उजळपणा दुर्बिणीवाल्यांपुरताच.

हे वेळापत्रक डोक्यात ठेवून आता पाचव्या प्रश्नाकडे येऊ. सगळा देखणा भाग आठवड्यात संपतो, आणि आपल्याकडे जुलैत सलग आठवडाभर ढग ही नेहमीची गोष्ट. म्हणजे साताऱ्यातल्या कुणालाही पत्ता न लागता हा तारा भडकून पुन्हा विझू शकतो. ‘मला दिसला नाही’ यावरून ‘तो भडकला नाही’ असं म्हणता येत नाही. अमेरिकेतले लेस्ली पेल्टियर हे नाणावलेले हौशी निरीक्षक या ताऱ्यावर पंचवीसेक वर्षं नजर ठेवून होते. फेब्रुवारी १९४६ मधल्या नेमक्या त्या पहाटे सर्दीची कुणकुण लागली म्हणून ते पुन्हा अंथरुणात शिरले आणि भडका हुकला. त्यांच्या वहीतली आधीची शेवटची नोंद ‘मंद’ अशीच असणार, आणि ती खरीही होती, पण त्या तारखेपुरती. माझी मेमधली नोंद तशीच आहे.

माझा कल विचाराल तर सांगतो, पण तो कल म्हणूनच घ्या. अशा फॉरवर्डपैकी बहुतेक खोटे निघतात. २०२३ मध्ये हा तारा जरा मंदावला. १९४६ च्या भडक्यापूर्वीही असाच मंदावल्याची नोंद असल्यामुळे, २०२४ मध्ये, फार तर सप्टेंबरपर्यंत, तो भडकेल असा अंदाज पुढे आला. तो काळ कोरडा गेला. मग जोडीच्या फेऱ्यांच्या गणितावरून २७ मार्च २०२५ ही तारीख चर्चेत आली, तीही कोरडी गेली. प्रत्येक अंदाजाच्या वेळी ‘भडकणार’ची बातमी फिरता फिरता ‘भडकला’ झाली. त्यामुळे हा मेसेजही त्यातलाच असण्याची शक्यता जास्त. पण या ताऱ्याच्या बाबतीत हा युक्तिवाद एक दिवस चुकणार हे नक्की आहे, आणि तो दिवस परवाचा नव्हता हे मी इथे बसून सांगू शकत नाही.

मग खात्री कशी करायची? आधी मेसेज नीट वाचा. खऱ्या बातमीत चार गोष्टी असतात: कुणी पाहिला, कुठून, किती वाजता, आणि तेव्हा प्रत किती होती. ‘आज रात्री’, ‘नुकताच’, ‘शास्त्रज्ञ चकित’ एवढंच असेल तर ती बातमी कोणत्या वर्षाची आहे हेही कळत नाही. सोबत तांबड्या गोळ्यातून वायूची धार पांढऱ्या चकतीकडे जाताना दाखवणारं चित्र असेल तर ते चित्रकाराने काढलेलं आहे, फोटो नव्हे. हे दोन तारे कुठल्याही दुर्बिणीतून तसे वेगळे दिसत नाहीत. खरा फोटो म्हणजे ठिपक्यांमधला एक ठिपका, आणि सोबत भडकण्याआधीचा त्याच जागेचा फोटो.

दुसरं, शाळेत नेट असेल तर aavso.org उघडा. रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांची ही जुनी अमेरिकी संघटना, जगभरचे लोक तिच्याकडे नोंदी पाठवतात. तिथे आलेख काढायच्या पानावर ताऱ्याचं नाव T CrB असं टाइप करा आणि गेल्या महिन्याभराचा आलेख मागा. आलेखात वर म्हणजे तेजस्वी, खाली म्हणजे मंद. सगळ्यात उजवीकडच्या ठिपक्यांची तारीख आधी बघा, प्रत नंतर. परवाच्या रात्रीनंतरचे, वेगवेगळ्या निरीक्षकांचे ठिपके दहाच्या आसपासच असतील तर मेसेज खोटा. ठिपक्यांचा लोंढा अचानक वर चढून दोन-तीनच्या रेघेला टेकला असेल तर तुमच्या मुलांना त्याच रात्री बाहेर काढा. कधी दहाच्या रांगेत एकच ठिपका तीनवर लोंबकळताना दिसतो आणि त्याच तासातले बाकीचे खाली असतात. तो आकडा टाकताना झालेला घोटाळा असतो, त्यावर विसंबू नका. जगात कुठेतरी आकाश मोकळं असतंच, आणि हा तारा एवढा गाजलेला आहे की खरोखर भडकला तर काही तासांत नोंदींचा पाऊस पडेल. आलेख गप्प असणं हा या बाबतीत चांगला पुरावा आहे, माझं गप्प असणं नाही.

तिसरं, ढग फाटले तर स्वतः बघा. यात एक गफलत हमखास होते, ती सांगून ठेवतो. गेल्या वर्षी एका ओळखीच्या गृहस्थांचा रात्री फोन आला, ‘दिसला, मुकुटाच्या शेजारी नवा तारा आहे!’ मी विचारलं, अल्फेकाच्या तुलनेत कसा आहे? म्हणाले, बराच मंद. मी म्हटलं, मुकुटाचे तारे टोकापासून मोजा, आणि सांगा की त्या नव्या ताऱ्याच्या उत्तरेला, करंगळीच्या अंतरावर, त्याच्याएवढाच आणखी एक तारा आहे का? थोडा वेळ शांतता, मग ‘नाही, एकटाच आहे’. म्हणजे ते पाहत होते तो एप्सिलॉनच होता. त्यांनी मुकुट गावातल्या उजेडातून नेहमी पाहिला होता, तिथे एप्सिलॉन दिसत नसे. त्या रात्री ते घाटावर अंधारात होते आणि जुनाच तारा त्यांना नवा वाटला. तेव्हा मुलांना हीच कसोटी द्या. एप्सिलॉन आधी सापडला पाहिजे, आणि त्याच्या दक्षिणेला दुसरा तारा पाहिजे. तो पहिल्या एक-दोन रात्रींत एप्सिलॉनपेक्षा स्पष्टपणे ठळक असेल. ग्रह असण्याची शंका घ्यायचं कारण नाही, ग्रह मुकुटाच्या जवळपासही फिरकत नाहीत, त्यांची वाट तिथून बरीच दक्षिणेला वृश्चिकाच्या बाजूने जाते. हलणारं काही असेल तर विमान किंवा उपग्रह, दहा मिनिटं थांबलात की ते निघून जाईल.

न दिसण्याची नोंदही लिहायला शिकवा, कारण या कामात ती रीत फार जुनी आहे आणि तुमच्या पाचव्या प्रश्नाला ती चपखल बसते. निरीक्षक नुसतं ‘दिसला नाही’ असं लिहीत नाहीत. त्या रात्री शेजारचा सर्वांत मंद कोणता तारा दिसला ते पाहतात आणि त्याच्या प्रतीपुढे ‘पेक्षा मंद’ची खूण करतात. तुमच्या मैदानावरून एप्सिलॉन दिसला आणि शेजारी काही नव्हतं, तर नोंद होईल <4.1. म्हणजे टी तेव्हा ४.१ प्रतीपेक्षा मंद होता. तो पाच होता की दहा, हे आम्हाला माहीत नाही. एप्सिलॉनही दिसला नाही, फक्त अल्फेका दिसला, तर नोंद <2.2. ही फारच दुबळी नोंद झाली, कारण उतरणीला लागलेला, तिसऱ्या प्रतीचा टी तुमच्या नजरेतून सहज सुटेल. आणि ढगच असतील तर नोंद नाहीच, तारखेपुढे ‘ढग’ एवढं लिहायचं. श्मिट यांनी आधी काही दिसलं नव्हतं हे नोंदवून ठेवलं नसतं, तर १८६६ चा तारा काही तासांत चढला हे आज कुणाला कळलं असतं?

मुलं आणखी एक प्रश्न विचारतील. तारा सुमारे तीन हजार प्रकाशवर्षं दूर आहे, मग तो खरं तर कधीच भडकून गेला असेल ना? बरोबर आहे, आणि एकदा नव्हे, गेल्या तीन हजार वर्षांतल्या पस्तीस-चाळीस भडक्यांचा प्रकाश आत्ता वाटेत असेल. खगोलशास्त्रात घटनेची तारीख म्हणजे प्रकाश आपल्यापर्यंत पोचला ती तारीख. १८६६ आणि १९४६ हेही त्याच हिशेबाचे आकडे आहेत. पाचव्या प्रश्नाचं उत्तर टाळायला मात्र ही सबब वापरू नका. विचारणाऱ्याला ‘आपल्याला दिसला का’ एवढंच हवं असतं.

आता शुक्रवारची छपाई. पहिली चार उत्तरं वर दिलीत तशी घ्या, थोडी आटपशीर करून. पाचव्यासाठी पत्रकावर असा मजकूर सुचवतो: ‘मे २०२५ च्या मध्यापर्यंत हा तारा भडकलेला नव्हता. त्यानंतरची स्थिती खाली पाहा.’ आणि त्याखाली एक मोकळा तक्ता: तारीख, वेळ, आकाश कसं होतं, सर्वांत मंद दिसलेला तारा, टी दिसला का, पाहणाऱ्याचं नाव. छापण्यापूर्वी आलेख पाहता आला तर माझी तारीख काढून आलेखातल्या शेवटच्या नोंदीची तारीख घाला. ती माझ्यापेक्षा ताजी आणि जास्त विश्वासाची आहे. ‘अजून भडकलेला नाही’ असं तारखेविना छापू नका. ते पत्रक भिंतीवर दिवाळीपर्यंत राहील, आणि दिवाळीला तो ‘अजून’ कोणत्या दिवसाचा हे कुणालाच कळणार नाही. ‘भडकला’ असं तर मेसेजच्या भरवशावर मुळीच छापू नका.

ग्रुपवर उत्तर द्यायचं असेल तर साधं लिहा: ‘ही बातमी अजून तपासलेली नाही. कुणी, कधी, कुठून पाहिला ते कळवा.’ पाठवणाऱ्याला खोटं ठरवायची गरज नाही, त्यालाही ती कुणाकडून तरी आलेली असते. वेळ आणि प्रत विचारली की अर्धे मेसेज तिथेच थांबतात, आणि खरा निरीक्षक असेल तर तो आनंदाने दोन्ही सांगतो.

मी पुढच्या आठवड्यात परत पुण्यात असेन. पोचल्यावर आलेख पाहून तुम्हाला शेवटच्या नोंदीची तारीख आणि प्रत कळवतो. त्याआधी तुमच्याकडे ढग उघडले आणि एप्सिलॉनच्या दक्षिणेला खरोखर दुसरा तारा दिसला तर रात्री कितीही वाजता फोन करा. फोनवर पहिल्यांदा वेळ सांगा, मग तो अल्फेकापेक्षा ठळक की मंद ते, आणि मुलांपैकी किती जणांनी एकमेकांना न विचारता तोच तारा दाखवला ते.